जुन्या मेसेजमधून दुकानाचा आवाज काढताना: खडेबाजारातल्या एका साडी दुकानाचं व्हॉइस गाइड

बेळगावच्या खडेबाजारातलं साडीचं दुकान, दुसरी पिढी चालवतेय. नाव देत नाही, मालकांनी लिहायला होय म्हटलंय पण नावाशिवाय. माल म्हणजे इरकल, खण, शहापूर-वडगावकडच्या मागावरच्या साड्या आणि लगीनसराईत सिल्क. गिऱ्हाईक खानापूर, निपाणी, चंदगड, गडहिंग्लजपासून गोव्यापर्यंतचं, शिवाय बैलहोंगल-गोकाककडचं कन्नड बोलणारंही भरपूर. मालकांना गल्लीतले सगळे अण्णा म्हणतात, मीही तेच म्हणते.

अडचण अशी होती की दुकानाच्या नावाने लिहिणारे हात चार झाले होते. २०१६ च्या आसपास अण्णांनी व्हॉट्सॲपवर ब्रॉडकास्ट लिस्ट करून नवीन माल आला की स्वतः मेसेज टाकायला सुरुवात केली, पुढे सूनबाईंनी इन्स्टाग्राम सुरू केलं, मधे एक वर्ष बाहेरच्या एका एजन्सीकडे सगळं काम होतं, आणि आता कॉलेजात शिकणारी एक मुलगी पार्टटाइम पोस्ट लिहिते. चौघांचं चार तऱ्हेचं. एजन्सीच्या काळात तर खानापूरच्या एका जुन्या गिऱ्हाईक बाईंनी सरळ विचारलं म्हणे, "अण्णा, दुकान दुसऱ्याला दिलंत काय?" तेव्हा सूनबाईंनी मला बोलावलं आणि म्हणाल्या की कोणीही लिहू दे पण वाचणाऱ्याला ते आपल्याच दुकानाचं वाटायला पाहिजे, तसं काहीतरी लिहून द्या. दुकानाच्या नावाने कसं लिहायचं ते सांगणाऱ्या अशा टिपणालाच व्हॉइस गाइड म्हणतात.

यावर सोपा मार्ग म्हणजे तीन-चार विशेषणं लिहून द्यायची. आपुलकीचा, विश्वासू, पारंपरिक पण आधुनिक. एजन्सीने तेच दिलं होतं, एक स्लाइड आहे अजून सूनबाईंकडे. आता मला सांगा, ही स्लाइड बघून कोणी वाक्य कसं लिहिणार? बाजारातल्या कुठल्याही दुकानाला, बँकेला, दूध डेअरीला हीच विशेषणं लागू पडतात आणि दोन लिहिणारे "आपुलकी" वाचून दोन वेगळ्या गोष्टी करतात, एक "लाडक्या ताईंनो" म्हणून सुरू करतो आणि दुसरा चार बदाम टाकतो. मला हवं होतं ते असं की अण्णा लिहिताना नेमकं काय करतात, काय करत नाहीत, आणि ते का, हे त्यांच्याच जुन्या मजकुरातून बाहेर काढायचं.

मग पहिलं काम, जुना मजकूर गोळा करणं. यात एक छोटी पण फार उपयोगाची युक्ती सांगते. अण्णांनी मधे फोन बदलला होता आणि जुन्या ब्रॉडकास्टचा बॅकअप नव्हता. पण ब्रॉडकास्टचा मेसेज घेणाऱ्याच्या फोनमधे साध्या चॅटसारखाच येऊन पडतो, म्हणजे ज्याने दुकानाचा नंबर सेव्ह केलाय आणि कधी चॅट डिलीट केलेला नाही अशा कुणाचाही फोन चालतो. अण्णांची बहीण खानापूरला असते, ती पहिल्यापासून लिस्टमधे. तिच्या परवानगीने तिच्या फोनवरून दुकानाचा चॅट मीडियाशिवाय एक्सपोर्ट केला, एक टेक्स्ट फाइल मिळाली आणि त्यात सात-आठ वर्षांचे मेसेज तारखेसकट सापडले. तिचे स्वतःचे घरगुती मेसेज मी आधी काढून टाकले, ते माझ्या कामाचे नव्हते आणि माझ्याकडे असायलाही नकोत. त्याशिवाय फेसबुक पेज, इन्स्टाच्या कॅप्शन, दिवाळीची आणि लगीनसराईची छापील हँडबिलं, पेपरातल्या जाहिरातींची कात्रणं, आणि गूगल मॅपवरच्या रिव्ह्यूंना दिलेली उत्तरं. रिव्ह्यूंची उत्तरं बरेच जण विसरतात पण ती घ्याच, का ते पुढे येईल.

सगळं एका शीटमधे टाकलं. रकाने थोडेच: तारीख, कुठे आलं, कशासाठी लिहिलं, कोणी लिहिलं, आणि मजकूर. यातला "कोणी लिहिलं" हा रकाना सगळ्यात महागाचा. तो भरल्याशिवाय पुढे गेलं तर काय होतं, चार जणांच्या आवाजाची सरासरी निघते, आणि सरासरी कुणाचीच नसते. तो भरायला अण्णांच्या समोर बसून एकेक मजकूर मोठ्याने वाचला. मोठ्याने वाचायचं कारण असं की स्वतःचं वाक्य माणसाला कानाने लगेच ओळखता येतं, डोळ्याने तितकं नाही. दिवाळीचं हँडबिल वाचायला घेतलं, "सुवर्णसंधी! सुवर्णसंधी!! सुवर्णसंधी!!!" तर अण्णा म्हणाले, "हे माझं न्हवं की ओ, प्रेसवाल्यानं घातलंय. दरवर्षी तोच घालतोय." झालं, सगळी हँडबिलं बाद. छापील आहे म्हणून ते दुकानाचं अधिकृत असं मी धरलं असतं तर गाइडचा पायाच डीटीपी ऑपरेटरच्या भाषेवर उभा राहिला असता. तसेच सणांचे फॉरवर्ड केलेले शुभेच्छा मेसेज बाद, होलसेलरने पाठवलेलं माहितीपत्रक जसंच्या तसं चिकटवलेलं बाद, आणि एजन्सीचं वर्ष पूर्ण बाजूला. बाजूला म्हणजे फेकलं नाही, ते "असं नको" या रकान्यासाठी जपून ठेवलं, तिथे त्याचा फार उपयोग झाला.

उरलं काय, तर अण्णांचे स्वतः टाइप केलेले किंवा सांगून लिहून घेतलेले मेसेज, रिव्ह्यूंची उत्तरं, आणि सूनबाईंच्या सुरुवातीच्या काही कॅप्शन ज्यांवर अण्णा म्हणाले की हे चालतंय. आता यात परत निवड करायची. इथे माझं ठाम मत आहे आणि ते या प्रकरणात अगदी पक्कं झालं, की दुकानाचा आवाज जाहिरातीत शोधू नका. "नवीन स्टॉक आला, अवश्य भेट द्या" हे सगळेच लिहितात आणि सगळ्यांचं सारखं असतं. आवाज दिसतो तो अवघड गोष्ट सांगायची वेळ आली तेव्हाचा. माल कमी आलाय, रंग जातोय, भाव वाढलाय, बदलून देता येत नाही, कुणीतरी एक स्टार दिलाय. अशा वेळी माणूस छापील साचा बाजूला ठेवून स्वतःचं बोलतो. म्हणून मी निवडलेल्या साठेक मजकुरांमधे निम्म्याहून जास्त असेच अवघड प्रसंगाचे घेतले.

त्यातला एक पूर्ण देते, २०१९ चा, ब्रॉडकास्टमधला:

"नमस्कार. इरकल आल्यात. काठ गोमी, अंग सुती, पदर रेशमाचा. हिरव्याचं एक आधीच सांगतो, पहिल्या दोन धुण्यात रंग थोडा उतरतो, वेगळी भिजवायला लागणार. लाल आणि जांभळ्याला ही अडचण नाही. किंमत २४५०. दुकान रात्री साडेआठपर्यंत उघडं आहे. बघून जावा, घ्यायलाच पाहिजे असं नाही."

हा मेसेज मी शीटवर वाक्यावाक्याने फोडला, कारण "छान आहे, साधं आहे" एवढं म्हणून गाइड होत नाही. पहिली गोष्ट, नमस्कारानंतर लगेच माल. प्रस्तावना नाही. दुसरी, साडीचं वर्णन म्हणजे काठ, अंग, पदर, आणि तेवढंच. इरकलीत पदराचा ताणा आणि अंगाचा ताणा वेगवेगळा असतो आणि ते फास्यांनी एकमेकांत अडकवतात, टोप तेनी म्हणतात त्याला, त्यामुळे अंग सुती आणि पदर रेशमी अशी साडी होऊ शकते आणि घेणारीला नेमकं हेच कळायला लागतं की कुठे काय आहे. अण्णा ते तीन तुकड्यांत सांगून मोकळे होतात. "राजेशाही", "मनमोहक" असलं एकही विशेषण नाही. तिसरी गोष्ट, खोट आधी आणि किंमत नंतर. ही मी पहिल्यांदा योगायोग समजून सोडून दिली नाही, बाकीच्या मेसेजमधे तपासली, आणि जिथे जिथे मालात काही उणं होतं तिथे बहुतेक सगळीकडे हाच क्रम. चौथी, किंमत आकड्यात आणि उघड, "किमतीसाठी संपर्क करा" कुठेही नाही. पाचवी, खोट सांगताना "मी" येतो, "सांगतो" हे क्रियापद एकवचनात, पण माल असला की "आल्यात", "आपल्याकडे आहे". म्हणजे जबाबदारी घ्यायची असली की माणूस स्वतः पुढे येतो, मिरवायचं असलं की मागे राहतो. आणि शेवटी, घ्यायलाच पाहिजे असं नाही.

असं एकेक निरीक्षण काढलं की त्याचं लगेच नियमात रूपांतर करायची घाई करायची नाही. आधी बाकीच्या मजकुरात किती वेळा दिसतं ते बघायचं आणि मग अण्णांना विचारायचं की असं का करता. खोट आधी का, तर ते म्हणाले, "किंमत ऐकली की पुढचं कोण ऐकतंय? आणि घरी जाऊन रंग गेला की बाई मलाच म्हणणार, तुम्ही सांगिटलाच नाही म्हणून." हे कारण गाइडमधे जसंच्या तसं लिहिलं. कारण लिहायचं एवढ्यासाठी की नियम कुठे लागू नाही हे लिहिणाऱ्याला कारणावरूनच कळतं. उदाहरणार्थ नुसतं "दुकान सोमवारी बंद" असा मेसेज असला तर तिथे खोटबिट शोधत बसायचं नाही.

गाइडचं एक पान कसं दिसतं ते दाखवते, म्हणजे नुसतं वर्णन नको. वर नियम एका ओळीत: मालात काही उणं असेल तर किमतीच्या आधी सांगायचं, एका वाक्यात, आणि त्यावर उपाय असेल तर त्याच वाक्यात. खाली कारण, अण्णांच्या शब्दात. त्याखाली जुना नमुना, वरचा हिरव्या इरकलीचा. मग "असं नको": एजन्सीच्या काळातली पोस्ट, "नैसर्गिक रंगछटांची जादू! प्रत्येक धुण्यासोबत खुलत जाणारं सौंदर्य!" (हे रंग उतरणाऱ्या साडीबद्दल होतं, सूनबाई अजून त्या पोस्टवर चिडतात.) आणि शेवटी "किती वेळा आणि कुठे नाही". असं प्रत्येक नियमाला. नियम मुद्दाम थोडे ठेवले, पूर्ण गाइड फोनवर वाचता येईल एवढं, कारण लिहिणारी मुलगी बसमधून येता येता कॅप्शन लिहिते, तिला चाळीस पानांची पीडीएफ देऊन उपयोग नव्हता.

आवाज आणि सूर यातला फरकही गाइडमधे लिहायला लागला, नाहीतर लिहिणारे गोंधळतात. आवाज तोच राहतो, सूर प्रसंगाप्रमाणे बदलतो. वेबसाइट लोक कशा वापरतात याचा अभ्यास करणाऱ्या नीलसन नॉर्मन ग्रुपने सूर मोजायला चार पट्ट्या सांगितल्यात, गंमतीदार ते गंभीर, औपचारिक ते सैल, आदबशीर ते बेफिकीर, आणि उत्साही ते कोरडं. मी त्या अण्णांसमोर मराठीत मांडल्या आणि प्रत्येक प्रसंगाला खूण कुठे करायची ते विचारलं. नवीन माल आला की अर्धवट उत्साही, भाव वाढला की पूर्ण कोरडं, तक्रार आली की गंभीर. पण आदबीची खूण कुठल्याही प्रसंगात हलली नाही, एक स्टार देणाऱ्यालाही नाही. हे मला महत्त्वाचं वाटलं, कारण जी खूण कधीच हलत नाही तोच आवाज, आणि ज्या हलतात तो सूर. या चार पट्ट्यांचा खरा उपयोग मला तेवढाच, त्या पट्ट्यांवरून वाक्य लिहिता येत नाही.

आता रिव्ह्यूंचं. एका बाईंनी लिहिलं होतं की खणाचं कापड सांगितल्यापेक्षा पातळ निघालं आणि बदलून दिलं नाही. अण्णांचं उत्तर: "कापून शिवलेलं कापड परत घेता येत नाही, ते खरं आहे. पातळ आहे हे दुकानात सांगायला पाहिजे होतं, ते आमच्याकडून राहिलं. पुढच्या वेळी आलात की मला हाक मारा, मी स्वतः दाखवतो." बघा यात किती सापडतं. नकार पहिल्या वाक्यात, गोल गोल नाही. चूक नेमकी कुठली ते दुसऱ्या वाक्यात. "झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत" असलं कुठे नाही. आणि शेवटी पैशाची नाही तर स्वतःच्या वेळेची तयारी. चार-पाच अशी उत्तरं ठेवली तरी नकार कसा द्यायचा हे पान त्यातून तयार झालं, जे शंभर जाहिरातींतून झालं नसतं.

पण जुना मजकूर म्हणजे सगळं पवित्र असंही नाही, आणि इथे काही जण अडखळतात. जुन्या मजकुरात दुकान काय करत होतं ते दिसतं, पुढे काय करायचं ते ठरवावं लागतं. अण्णांच्या जुन्या मेसेजमधे बऱ्याचदा "गोऱ्या रंगाला उठून दिसेल" असं होतं. सूनबाई म्हणाल्या, "मामंजी, हे आता नको. माझ्या मैत्रिणी वाचून स्क्रीनशॉट पाठवतात." अण्णा थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले की मग उजेडात कसा दिसतो ते लिहू, दिवसा कसा आणि हॉलच्या लाइटला कसा. मला ते फारच आवडलं कारण ते जुन्यापेक्षा जास्त कामाचं आहे, लग्नाची साडी घेणारीला तेच तर विचारायचं असतं. दुसरी गोष्ट रेशमाची. जुन्या मेसेजमधे कृत्रिम धाग्याच्या आर्ट सिल्कलाही सैलपणे "रेशमी" म्हटलं होतं, बाजारात सगळेच म्हणतात. गाइडमधे आता असं आहे की ज्या साडीला सिल्क मार्कचा टॅग आहे तिलाच शुद्ध रेशीम लिहायचं, बाकीच्यांना आर्ट सिल्क, आणि पॉवरलूमच्या मालाला हातमाग म्हणायचं नाही. शहापूर-वडगावमधे पॉवरलूमचा माल भरपूर होतो आणि त्यात लपवण्यासारखं काही नाही, अण्णा दुकानात तोंडाने सांगतातच, फक्त लिहिताना ते सुटायचं. अशा सगळ्या गोष्टी "जुन्यात होतं, आता नाही" या वेगळ्या पानावर कारणासकट टाकल्या, म्हणजे उद्या कोणी जुनी पोस्ट बघून परत तेच लिहायला नको.

गावाच्या नावाचाही निर्णय तिथेच केला. मराठी मजकुरात बेळगाव, बिलावर आणि पत्त्यात २०१४ पासूनचं सरकारी नाव, आणि एकाच पोस्टमधे दोन्ही नको. यावर जास्त चर्चा झाली नाही.

मग चाचणी. चाचणीशिवाय गाइड देऊ नये असं माझं मत आहे, कारण लिहिणाऱ्याला स्वतःचं गाइड नेहमी स्पष्टच वाटतं. कॉलेजच्या त्या मुलीला, जिने अण्णांचे जुने मेसेज वाचलेले नव्हते, फक्त गाइड दिलं आणि पाच मेसेज लिहायला सांगितले. त्यात अण्णांचे फारसे कुणाला आठवणार नाहीत असे पाच जुने मिसळले, तारखा काढल्या, सगळे एकाच फॉन्टमधे छापले, आणि तिघांना वेगवेगळं बसवून वाचायला दिले. अण्णा स्वतः, त्यांची खानापूरची बहीण, आणि काउंटरवर वर्षानुवर्षं उभ्या असणाऱ्या एक मावशी. प्रश्न एकच, यातलं अण्णांचं कुठलं आणि नवीन कुठलं, आणि कशावरून.

त्यातलं "कशावरून" हे उत्तर खरं मोलाचं असतं. मावशींनी नवीन पाचही ओळखले आणि म्हणाल्या, "अण्णा इतक्यांदा हात लावून बघा म्हणत नाहीत ओ." खरंच, त्या मुलीच्या पाचातल्या चार मेसेजमधे "हात लावून बघा" होतं. गाइडच्या नमुन्यांमधे ते वाक्य होतं आणि ते लक्षात राहण्यासारखं आहे, त्यामुळे तिने ते उचललं. जुन्या मजकुरात मोजलं तर ते क्वचितच येतं, बहुतेक खणाच्या किंवा जाड सुताच्या बाबतीत, जिथे हाताला कळतं असं काहीतरी असतं. जुन्या मजकुरावरून केलेल्या कुठल्याही गाइडमधे हा धोका ठरलेला. ठसठशीत लकबी आधी उचलल्या जातात, मग त्यांची संख्या वाढते, आणि थोड्या महिन्यांत मूळ माणसाची नक्कल केल्यासारखं वाटायला लागतं. त्यात एकेक वाक्य अगदी बरोबर असतं म्हणून चूक कुठे आहे ते सापडत नाही. ओळखायची खूण एकच, सलग दहा पोस्ट एकत्र वाचायच्या. एकेकट्या वाचल्या तर दिसत नाही. "किती वेळा" हा रकाना म्हणूनच प्रत्येक नियमाखाली आहे, आणि लकबींसाठी तिथे सरळ लिहिलंय की हे वाक्य पुढच्या दहा पोस्टमधे एकदा, तेही कापड हाताला वेगळं लागत असेल तरच.

बहिणीने दुसरीच गोष्ट पकडली. उशिराची दिलगिरी असलेला एक मेसेज होता, ब्लाउजपीस यायला आठवडा जास्त लागणार असा, त्यात त्या मुलीने तीनदा माफी मागितली होती. बहीण म्हणाली, "दादा एवढा वाकत नाही. कधी येणार तेवढं सांगतो." इथे अडचण अशी की जुन्या मजकुरात उशीर कळवणारे मेसेज दोनच होते, दोन्ही घाईत लिहिलेले, त्यावरून नियम काढणं बरोबर नव्हतं. जुन्या मजकुराची ही मर्यादा मान्यच करायला लागते, जे प्रसंग क्वचित आले त्याचा नमुना नसतो. मग मी प्रसंग लिहून घेऊन गेले, पार्सल हरवलंय, एकाच साडीचं दोघींकडून ॲडव्हान्स घेतलं गेलंय, कारागीर आजारी आहे म्हणून ऑर्डर होणार नाही, आणि अण्णांना म्हटलं की समोर गिऱ्हाईक उभं आहे असं समजून बोला. रेकॉर्ड केलं, उतरवलं, फार थोडं आवरून गाइडमधे टाकलं. त्या पानांवर "तोंडी" अशी खूण आहे, म्हणजे हे जुन्या मजकुरातून आलेलं नाही हे पुढच्या माणसाला कळावं. बोलण्यातलं वाक्य लिहिल्यावर थोडं तुटक दिसतं, "नाही होणार. पैसे परत घ्या, नाहीतर दुसरी बघा, पण या महिन्यात ती नाही होणार." ते तसंच ठेवलं, फक्त सुरुवातीला नमस्कार आणि बाईंचं नाव जोडायला सांगितलं, कारण काउंटरवर चेहरा असतो आणि फोनवर नसतो.

सूनबाईंच्या कॅप्शनचा प्रश्न वेगळा होता. इन्स्टावरचं वय वेगळं, तिथे त्या "तुम्ही"च म्हणतात पण थोडं खेळकर लिहितात, एखादी इमोजी असते. अण्णांची नक्कल त्यांच्या तोंडी शोभणार नाही आणि ती करायलाही नको. म्हणून गाइडच्या सुरुवातीलाच लिहिलं की सगळीकडे सारखं काय (खोट आधी, किंमत उघड, विशेषण नाही, नकार पहिल्या वाक्यात) आणि चॅनलप्रमाणे मोकळं काय (इमोजी, वाक्याची लांबी, "मी" कोण). इन्स्टावर "मी" आला की तो सूनबाईंचा, ब्रॉडकास्टवर अण्णांचा, आणि पार्टटाइम लिहिणारीने "मी" वापरायचाच नाही, "आपल्याकडे" वर भागवायचं. हा नियम छोटा दिसतो पण त्या मुलीने सांगितलं की तिचा सगळ्यात मोठा गोंधळ त्यानेच सुटला, तिला प्रत्येक पोस्टला वाटायचं की आपण कोण म्हणून बोलतोय.

फरक कसा पडला ते एका कॅप्शनवर दाखवते. गाइडच्या आधीचं तिचं: "खणाची पारंपरिक शान, आता तुमच्या स्टाइलमधे! लिमिटेड स्टॉक, आजच डीएम करा." गाइडनंतरचं, त्याच कापडाचं: "गुळेदगुड्डचा खण आलाय, पाच रंग. पन्हा लहान असतो, त्यामुळे लांब बाह्यांचं ब्लाउज हवं असेल तर दोन पीस लागतील, आधी टेलरला विचारून घ्या. एक पीस ३२०." दुसऱ्यात अण्णांचा एकही खास शब्द नाही. तरी मावशींना दाखवलं तर त्या म्हणाल्या, "हे आपलंच."

कन्नडचं काम अजून चालू आहे. कन्नड मेसेज काउंटरवरचा एक मुलगा लिहितो, बैलहोंगलकडचा, त्याचे मेसेज संख्येने कमी आहेत आणि त्यातले बरेच मराठीवरून केलेले. मराठी गाइडचं नुसतं भाषांतर करून कन्नड गाइड करायचं नाही हे पहिल्या दिवशीच ठरलं होतं. क्रमाचे नियम, खोट आधी आणि किंमत उघड, ते दोन्हीकडे तसेच चालतात. पण गिऱ्हाइकाला हाक कशी मारायची, आदब कुठल्या शब्दात ठेवायची, नकार किती सरळ चालतो, हे त्याच्याच लिहिण्यातून आणि कन्नड गिऱ्हाइकांशी तो काउंटरवर बोलतो त्यातून काढायला लागणार. त्यासाठी सध्या तो कन्नडमधे थेट सुचलेले मेसेज वेगळ्या शीटमधे टाकतोय, आणि चाचणीला अण्णा चालणार नाहीत, तिथे बैलहोंगल-गोकाककडच्या जुन्या गिऱ्हाइकांपैकी दोघीतिघींना बसवायचं आहे. लगीनसराई संपली की ते करायचं ठरलंय.